दोन पेपर राहिले म्हणजे काम येत नाही का? डिग्रीला नक्की कशाचे पैसे मिळतात?

नियोजक

मी एका कारखान्यात माल-नियोजन बघतो. कुठला कच्चा माल किती आणि कधी मागवायचा, कुठला पडून राहणार, कुठल्या पुरवठादाराच्या तारखेवर विसंबायचं नाही, हे सगळं माझ्याकडे असतं. डिग्रीच्या शेवटच्या वर्षी घरात मोठं आजारपण आलं. दोन पेपर राहिले आणि मग ते राहूनच गेले. त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात नवीन पदवीधर आले की त्यांना हे काम मीच शिकवत आलोय.

आता आमचा विभाग बंद होतोय, म्हणून बाहेर अर्ज करायला लागलो. एका ठिकाणी अगदी हेच काम होतं, जाहिरातीतला शब्द न् शब्द माझ्या रोजच्या कामाचा. रात्री उशिरा फॉर्म भरला. त्यात ‘पदवी पूर्ण: होय / नाही’ असा रकाना होता, तो सोडून पुढे जाताच येत नव्हतं. ‘नाही’ केलं. पाच मिनिटांत नकाराची मेल आली. त्या वेळी तिथे कोणी जागं असेल असं वाटत नाही.

माझा प्रश्न तक्रारीचा नाही, मला खरंच समजून घ्यायचंय. त्या दोन पेपरांत जे होतं त्याचा या कामाशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे आणि जाहिरात देणाऱ्यालाही माहीत असणार. मग तो पैसे नक्की कशाचे मोजतो?

कोरा_कागद

कागदाचे. दुसरं काही नाही. कॉलेजात शिकलेल्यातलं नोकरीत किती वापरलं, हे कुणालाही विचारा. सगळी व्यवस्थाच दिखाव्यावर चाललीय. कंपन्यांनी सरळ दोन तासांची परीक्षा घ्यावी, जो पास होईल त्याला घ्यावं. डिग्रीचा खर्च वाचेल, वर्षं वाचतील आणि तुमच्यासारख्यांना न्यायही मिळेल.

आनंद_स्थापत्य

‘सगळी’ म्हणू नका. मी इमारतींच्या आराखड्यांचं गणित करतो. तुळईवर भार किती येणार आणि तिला लोखंड किती लागणार, हे मी वर्गातच शिकलो आणि आजही रोज तेच वापरतो. शिवाय माझ्या सहीला कायद्याने अर्थ आहे. अशा कामांना वेगळं ठेवूनच बोला.

मीनल

मी भरतीचं काम करते, तेव्हा त्या रकान्याच्या पलीकडे काय चालतं ते सांगते.

एका जागेला कित्येकशे अर्ज येतात. एका माणसाची नीट मुलाखत घ्यायची तर विभागातल्या दोन अनुभवी लोकांचा अर्धा दिवस जातो, आणि ते लोक आधीच कामात बुडालेले असतात. त्यामुळे विभागप्रमुख मला सांगतात, दहाच नावं पाठव. शेकड्यांतून दहावर यायचं तर पहिली चाळणी अशी हवी की ती लावायला एक पैसाही लागू नये. डिग्री तशी आहे. ‘होय’ की ‘नाही’ एवढंच बघायचं. त्या चाळणीतून चांगली माणसंही गळतात, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. पण उरलेल्यांत दहा बरी माणसं सापडत असतील, तर गळलेल्यांचं नुकसान कंपनीला कुठल्याच वहीत दिसत नाही.

दुसरी गोष्ट सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. मी पदवीधर पाठवला आणि तो निकामी निघाला, तर सगळे म्हणतात, नशीब. बिनपदवीचा पाठवला आणि तो निकामी निघाला, तर म्हणतात, मीनलने कशाच्या जोरावर पाठवला? म्हणजे चाळणी कंपनीला जेवढी वाचवते, तेवढीच माझी पाठही राखते. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही. हे असं चालतं.

@कोरा_कागद, परीक्षेचं म्हणाल तर आम्ही घेतो. पण दोन तासांच्या परीक्षेत हुशारी दिसते. सातव्या महिन्यातही हा माणूस रोज कंटाळवाणा ताळेबंद नीट भरेल का, ते दिसत नाही. आणि आम्हाला मुख्य धास्ती त्याचीच असते.

सुमेधा_क

मीनलताईंनी जे सांगितलं त्यालाच धरून पुढे जाते. मी श्रमबाजाराचं अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली या विषयावर एक लेख लिहिला. पुढे २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत मिळालं, त्यामागे हे काम होतं. त्यांनी मुद्दाम टोकाची गोष्ट गृहीत धरली: शिक्षणाने माणसाच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. तरीही मालक शिकलेल्याला जास्त पगार देईल का? उत्तर आलं, हो, देऊ शकतो. कसं, ते त्यांच्याच आकड्यांनी सांगते, कारण सगळी गंमत आकड्यांत आहे.

समजा दोनच प्रकारची माणसं आहेत. पहिल्या प्रकारचा माणूस मालकाला १ एवढं काम देतो, दुसऱ्या प्रकारचा २. समोर बसलेला कुठल्या प्रकारचा आहे हे मालकाला दिसत नाही. माणसाला स्वतःला मात्र ते ठाऊक असतं. आता शिक्षणाचा जाच. एक वर्ष शिकायचं तर पहिल्या प्रकारच्या माणसाला १ एवढा जाच होतो आणि दुसऱ्याला अर्धाच. जाच म्हणजे नुसती फी धरू नका. जागरण, कंटाळा, नापास होण्याची भीती, सगळं त्यात आलं.

मालक नियम करतो: दीड वर्ष शिकलेल्याला २ पगार, बाकीच्यांना १. पहिल्या प्रकारचा माणूस हिशेब करतो. शिकलो तर पगार १ ने वाढेल, जाच दीड होईल. परवडत नाही, तो शिकत नाही. दुसऱ्या प्रकारच्याला वाढ तेवढीच, पण जाच पाऊणच. तो शिकतो. वर्षाअखेरीस मालक बघतो तर शिकलेले सगळे २ चं काम देतायत आणि न शिकलेले १ चं. त्याची समजूत खरी ठरली, नियम कायम राहिला. वर्गात कोणी काहीही शिकलेलं नसताना.

हे चालतं ते फक्त जाचातल्या फरकावर. नियम पाऊण वर्षाचा केला तर पहिल्या प्रकारच्यालाही ते परवडतं, सगळेच शिकून येतात आणि मालकाला काही कळत नाही. अडीच वर्षांचा केला तर दुसऱ्या प्रकारच्यालाही परवडत नाही, कोणीच शिकत नाही. एक ते दोन वर्षांच्या मधला कुठलाही आकडा चालतो. म्हणजे एक वर्ष आणि वर थोडंसं पुरेसं असताना एखाद्या समाजात पावणेदोन वर्षांचा रिवाज पडून गेला, तर तो आपोआप मोडत नाही.

तेव्हा नियोजकजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: तो त्या दोन पेपरांतल्या मजकुराचे पैसे मोजत नाही. ज्या माणसांना ते पेपर देणं फार जड जात नाही, ती माणसं त्याच्या कामालाही बरी पडतात, या त्याच्या अनुभवाचे तो पैसे मोजतो. तुमचे पेपर आजारपणामुळे राहिले, अंगातल्या कुवतीमुळे नाही. पण ‘नाही’ या खुणेमागचं कारण त्या रकान्यात मावत नाही.

राजवर्धन

चर्चा छान चाललीय. मला एक सांगा, सप्लाय चेनचं ऑनलाइन सर्टिफिकेट केलं तर चालेल का? मी आत्तापर्यंत वेगवेगळ्या विषयांची भरपूर सर्टिफिकेटं केलीत, सगळी प्रोफाइलवर टाकलीत. तरी मुलाखतीला बोलावणं येत नाही. अजून कुठलं करू?

कोरा_कागद

सुमेधाताई, म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? वर्गात काहीही न शिकता व्यवस्था चालते. म्हणजे डिग्री हा दिखावाच. आणि शेवटच्या वर्षाचा पगार बघा. चारांतली तीन वर्षं करून सोडणाऱ्याला तीन चतुर्थांश फायदा मिळत नाही, शेवटचं वर्ष संपलं की एकदम उडी येते. शेवटच्याच वर्षात सगळं ज्ञान कोंबलेलं असतं का?

सुमेधा_क

उडी आहे, हे तुमचं बरोबर. १९८७ मध्ये हंगरफोर्ड आणि सोलन यांनी अमेरिकेतली आकडेवारी तपासली. शिक्षणाच्या एकेका वर्षाने पगार किती वाढतो ते पाहिलं, तर ज्या वर्षांत शाळेचा किंवा कॉलेजचा टप्पा पुरा होतो तिथे वाढ बाकीच्या वर्षांपेक्षा ठळकपणे मोठी निघाली. नंतर १९९६ मध्ये येगर आणि पेज यांनी किती वर्षं शिकलात एवढ्यावर न थांबता, प्रत्यक्ष पदवी हातात आहे का हेही बघितलं. तेव्हा हा परिणाम आणखी मोठा दिसला.

पण त्यावरून ‘सगळं दिखावा’ म्हणणं मला मान्य नाही, त्याची दोन कारणं आहेत. स्पेन्स यांनी शिक्षण निरुपयोगी *धरलं*, ते निरुपयोगी *आहे* असं दाखवलं नाही. तेवढ्या टोकालाही पदवी ही न दिसणाऱ्या कुवतीची खूण, म्हणजे ‘सिग्नल’, म्हणून चालते, हे त्यांना दाखवायचं होतं. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी एकत्र असतात. आनंदजींचं लोखंडाचं गणित खरं आहे आणि मीनलताईंची चाळणीही खरी आहे.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. शेवटच्या वर्षी सोडणारे आणि पुरं करणारे हे एरवी सारखे लोक असतात का? सोडणाऱ्यांत काही नियोजकजींसारखे अडचणीत सापडलेले असतात. पण काहींना अभ्यास झेपत नसतो, काही कुठलंच काम तडीस नेत नाहीत. ते पुढे कमी कमावतात ते कागद नाही म्हणून की मुळात तसेच आहेत म्हणून? नुसत्या उडीवरून हे वेगळं काढता येत नाही.

ते वेगळं काढायचा एक सुंदर प्रयत्न झालाय. टेक्सासमध्ये शाळेचा डिप्लोमा मिळवायला शेवटी एक परीक्षा पास व्हावी लागायची. क्लार्क आणि मार्टोरेल यांनी शेवटच्या संधीला ती देणारी मुलं घेतली आणि काठावरचीच निवडली: कशीबशी पास झालेली आणि थोडक्यात हुकलेली. या दोघांच्या कुवतीत तसा काही फरक नाही. एखाद-दुसऱ्या प्रश्नाचा फरक. पण एकाच्या हातात डिप्लोमा येण्याची शक्यता मोठी, दुसऱ्याच्या कमी. मग पुढची कित्येक वर्षं त्यांच्या कमाईचा माग काढला.

मीनल

आणि?

सुमेधा_क

जवळपास काहीच फरक नाही. २०१४ मध्ये हा अभ्यास छापून आला. कागदाचा स्वतःचा असा म्हणण्यासारखा फायदा त्यांना सापडला नाही.

कोरा_कागद

थांबा. मग तर सिग्नल ही कल्पनाच खोटी पडली! मघाशी तुम्ही स्पेन्स सांगत होतात.

सुमेधा_क

त्या विशिष्ट कागदापुरती मोठ्या परिणामाची शक्यता कमी झाली, एवढंच मी म्हणेन. हा शाळेचा डिप्लोमा होता, कॉलेजची पदवी नव्हे. आणि सगळी मुलं कडेची. अशा मुलाला घेणारा मालक बहुधा कागद मागतही नसेल. मुलगा वेळेवर येतो का, ते आठवडाभर बघून ठरवत असेल.

शिवाय याच्या उलटही एक पुरावा आहे. अमेरिकेत शाळा सोडलेल्यांसाठी जीईडी नावाची परीक्षा असते. एके काळी वेगवेगळ्या राज्यांत तिची पास होण्याची रेषा वेगवेगळी होती. त्यामुळे तेवढेच गुण मिळवलेला एक जण एका राज्यात पास आणि दुसरा दुसऱ्या राज्यात नापास, असं व्हायचं. टायलर, मरनेन आणि विलेट यांनी २००० साली ही तुलना केली. गुण तेच, फरक फक्त सर्टिफिकेटचा, तरी तरुण गोऱ्या मुलांच्या कमाईत १० ते १९ टक्के वाढ दिसली. पण अल्पसंख्याक गटांतल्या मुलांना तसा फायदा दिसला नाही. का, यावर आजही एकमत नाही.

दोन्ही अभ्यास हुशारीने केलेले, दोन्हीतून निघालं वेगवेगळं. कागदाची किंमत किती, याचा एकच आकडा मी तुम्हाला देऊ शकत नाही. देणाऱ्यावर माझा विश्वासही बसत नाही.

आनंद_स्थापत्य

मालक आठवडाभर बघून ठरवतो म्हणालात, त्यावर विचारतो. डिग्री हा अंदाजच असेल, तर माणूस कामाला लागल्यावर अंदाजाची गरज काय? काम समोर दिसतंच. मग डिग्रीचा फायदा हळूहळू ओसरायला हवा. माझ्याकडे आलेल्या नव्या इंजिनिअरचं कॉलेज मला सहा महिन्यांनी आठवतही नाही.

सुमेधा_क

अगदी हाच प्रश्न अल्टोन्जी आणि पिअरे यांनी २००१ मध्ये तपासला. त्यांच्याकडे हजारो तरुणांच्या एका चाचणीचे गुण होते. हे गुण संशोधकांना दिसत होते, पण मालकांना सहसा ते माहीत नसत. कल्पना अशी की, मालक सुरुवातीला दिसणाऱ्या गोष्टीवर म्हणजे शिक्षणावर पगार ठरवणार. पुढे काम बघता बघता खरी कुवत कळेल, तेव्हा पगार त्या लपलेल्या गुणांकडे झुकायला हवा. तसंच निघालं. अनुभव वाढत गेला तसं चाचणीच्या गुणांचं वजन वाढलं आणि शिक्षणाचं घटलं. लांग यांनी २००७ मध्ये या वेगाचा हिशेब केला. मालकाचा सुरुवातीचा चुकीचा अंदाज सुमारे तीन वर्षांत निम्म्यावर येतो, असा त्यांचा अंदाज आहे.

यावरून सिग्नलचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा लहान असावा, असं लांग यांचं म्हणणं. खोटा अंदाज तीन वर्षांत निम्मा उरत असेल, तर फक्त त्या जोरावर माणूस आयुष्यभर जास्त पगार घेऊ शकणार नाही.

पुढे २०१० मध्ये अर्सिडियाकोनो, बायर आणि हिझ्मो यांनी तीच आकडेवारी शाळेपर्यंत शिकलेले आणि कॉलेज पदवीधर अशी वेगळी करून पाहिली. हळूहळू कळत जाण्याची ही गोष्ट शाळेपर्यंतच्या लोकांतच दिसली. पदवीधरांची कुवत बाजाराला जवळपास पहिल्या दिवशीच कळलेली होती. कुठलं कॉलेज, किती गुण, कुठला विषय, यातून ती आधीच उघड झालेली असते. पदवीधराला सिद्ध करायला वेळ लागत नाही. बिनपदवीच्याला काही वर्षं घालवावी लागतात, मग भले तो पहिल्या दिवसापासून तितकाच चांगला असो.

नियोजक

ती वर्षं तर मी घालवलीच आहेत. माझ्या साहेबांना माझं काम माहीत आहे, माझा पगारही त्याप्रमाणे वाढला. अडचण अशी की ते जे काही शिकले ते त्यांच्या डोक्यात आहे. बाहेरच्या कंपनीच्या फॉर्मला ते कुठे ठाऊक?

सुमेधा_क

तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. या अभ्यासांत बहुतेक वेळा असं धरलेलं असतं की एका मालकाला जे कळलं ते सगळ्या बाजाराला कळलं. प्रत्यक्षात बरंच ज्ञान जुन्या मालकापाशीच राहतं. नोकरी सुटली की बिनपदवीचा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येतो आणि पदवीधर आपली ओळख सोबत घेऊन फिरतो. त्यामुळे पदवीचा खरा उपयोग पगारापेक्षा नोकरी बदलताना जास्त जाणवतो, असं माझं मत आहे. मत म्हणूनच घ्या.

मीनल

मत कशाला, मी रोज बघते. नियोजकदादा, म्हणूनच सांगते, फॉर्मच्या दारातून जाऊ नका. तुमच्या पुरवठादारांपैकी कोणी, किंवा तुम्ही शिकवलेला आणि आता दुसरीकडे गेलेला एखादा पदवीधर, असा माणूस गाठा. त्याने आतून तुमचं नाव दिलं की अर्ज चाळणीतून जातच नाही, थेट विभागप्रमुखाच्या टेबलावर येतो. त्याच्या शब्दाला वजन का, तर तुम्ही निकामी निघालात तर त्याचंही नाव खराब होणार आहे. फुकट शिफारस करणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, सुमेधाताईंच्या जाचाचाच तो प्रकार आहे.

आणि एक अगदी करू नका. ‘कमी पगारातही येईन’ असं पत्रात लिहू नका. लोकांना वाटतं त्याने दार उघडेल. वाचणारा म्हणतो, स्वतःबद्दल याला असं काय ठाऊक आहे जे मला ठाऊक नाही?

राजवर्धन

माझ्या सर्टिफिकेटांचं राहिलंच. कोणीतरी सांगा ना.

सुमेधा_क

सांगते, कारण तुमचा प्रश्न याच गणिताचा पुढचा भाग आहे.

मघाचीच दोन माणसं घ्या. आता शिकणं सगळ्यांना निम्म्या जाचात जमायला लागलं. व्हिडिओ घरबसल्या, परीक्षा कितीही वेळा, नापास कोणी होत नाही. पहिल्या प्रकारच्या माणसाला वर्षाचा जाच अर्धा, दुसऱ्याला पाव. जुना दीड वर्षाचा नियम लावून बघा. पहिल्याला जाच पाऊण, फायदा एक. तोही शिकून येतो. मालकापुढे सगळेच शिकलेले उभे राहतात आणि निवड होत नाही. मग मालक काय करतो? रेषा वर नेतो. हिशेब केलात तर नवी रेषा दोन ते चार वर्षांच्या मध्ये जाते. पूर्वी एक वर्षाच्या थोडं वर भागत होतं, आता दोनच्या वर लागतं. कमीत कमी रेषेला दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा एकूण जाच आधीही अर्धा होता, आताही अर्धाच आहे. फक्त तो आता दुप्पट वर्षांत विभागलाय. शिक्षण स्वस्त झालं, पण सिग्नल देण्याची एकूण किंमत तीच राहिली.

याहून वाईट म्हणजे दोघांचा जाच *सारखाच* होणं. तिथे कुठलीच रेषा चालत नाही. जे सर्टिफिकेट क्लिक करत गेलं की कुणालाही मिळतं, ते तसं असतं. त्यातून तुम्ही खूप शिकला असाल, ते ज्ञान तुमचंच आहे. पण बाहेरून ते दिसत नाही.

राजवर्धन

म्हणजे सगळं फुकट गेलं?

मीनल

शिकलात ते फुकट नाही. पण वीस ओळींची यादी काढून टाका. इतक्या वेगवेगळ्या विषयांची सर्टिफिकेटं बघून माझ्यासारखीला वाटतं, हा एकाही विषयात टिकलेला नाही. एक-दोन अशी ठेवा जिथे परीक्षा पर्यवेक्षकासमोर होते आणि लोक नापास होतात. आणि त्या शिकण्यातून केलेलं एखादं काम दाखवा. मी फाइल उघडून बघू शकेन असं.

कोरा_कागद

माझा एक प्रश्न शिल्लक आहे, तो मात्र टाळू नका. तुमच्याच गणितात पगार २ मिळवणारा माणूस पाऊण एवढा जाच सोसतो आणि त्यातून उत्पादन शून्य वाढतं. समाजाला यातून काय मिळालं? मी दिखावा म्हणतो तो याला.

सुमेधा_क

टाळत नाही. त्या गणितात तुमचं म्हणणं पुष्कळसं खरं आहे, उलट तुम्ही म्हणता त्याहूनही वाईट घडू शकतं. समजा शंभरात सत्तर माणसं दुसऱ्या प्रकारची आहेत. डिग्री ही चीजच नसती तर मालकाने सगळ्यांना सरासरी पगार दिला असता, म्हणजे १.७. आता डिग्री आहे. दुसऱ्या प्रकारच्याला २ मिळतात, पण कमीत कमी अर्धा जाच वजा जाऊन हातात उरतात फार तर दीड. पहिल्या प्रकारच्याला मिळतो १. म्हणजे दोन्ही प्रकारचे लोक डिग्री नसती तर जास्त सुखी असते. पण एकट्यादुकट्याला त्यातून बाहेर पडता येत नाही. जो डिग्री न घेता उभा राहील त्याला १ चाच समजतील.

तिथे मी तुमच्यापासून वेगळी होते ते दोन जागी. हे सारं ‘शिक्षणाने काहीच वाढत नाही’ या गृहीतकावर उभं आहे, आणि ते खरं नाही. दुसरं, योग्य माणूस योग्य कामावर बसण्यालाही किंमत असते. या गणितात कुणीही कुठेही बसला तरी तेवढंच काम देतो, म्हणून ती किंमत दिसत नाही. आनंदजींच्या जागी चुकीचा माणूस बसला तर काय होईल ते आपल्याला कळतं.

कोरा_कागद

योग्य जागी बसवण्यासाठी चार वर्षं लागतात, हे मला अजूनही पटत नाही. सहा महिने उमेदवारीवर घ्या, बघा, ठेवा किंवा सोडा.

मीनल

सहा महिने म्हणजे एका जागेवर एक माणूस. बाकीच्या शेकड्यांना कुठल्या आधारावर नाही म्हणायचं? उमेदवारीला कोणाला घ्यायचं, यासाठीही मला चाळणी लागतेच.

आनंद_स्थापत्य

पण लहान कंपन्या उमेदवारीवर घेतात, आणि मी अशी चांगली माणसं तयार होताना पाहिलीत. कोरा_कागद यांचं अगदीच टाकाऊ नाही.

नियोजक

एक शेवटचं विचारतो. ते दोन पेपर आता देता येतात, चौकशी केली. इतक्या वर्षांनी दिले तर त्याचा काही अर्थ उरतो का? ज्ञानासाठी मला ते नकोत, स्पष्ट सांगतो. पण दर वेळी आजारपणाची गोष्ट सांगायचीही माझी तयारी नाही.

सुमेधा_क

यात अजून एक गोष्ट धरा. पदवीधर कमी होते तेव्हा ‘नाही’ या खुणेमागे भरपूर चांगली माणसं असायची, म्हणून ती खूण फारशी बोलत नव्हती. जितके जास्त लोक पदवी घेतात तितका मागे राहिलेला गट लहान होतो, आणि त्याच्याबद्दलचा सरासरी अंदाज खाली जातो. तुमच्यात काहीच बदललं नाही, तुमच्या रकान्यात सोबत कोण उरलं ते बदललं. पुढच्या काही वर्षांत हे तुमच्या बाजूने फिरेल असं मला वाटत नाही. त्यामुळे मी असते तर दिले असते.

मीनल

फॉर्मपुरतं नक्की. तो रकाना वर्ष विचारत नाही, होय-नाही विचारतो. पुढे माणूस बसलेला असला की तो वर्ष बघतो आणि विचारतोच, एवढा उशीर का. त्या उत्तरात आजारपण सांगायची सक्ती नाही. ‘काम चालू होतं, राहिलेलं पुरं केलं’ एवढं चालतं. काहींना त्यात चिकाटी दिसते, काहींना दिरंगाई. कोणाला काय दिसेल हे मी आजवर आधी सांगू शकलेले नाही. पण निदान तुम्ही खोलीत तरी पोचलेले असाल.

दरम्यान ती शिफारशीची वाट बंद ठेवू नका. पेपरांचा निकाल लागायला वेळ जाईल, विभाग त्याआधी बंद होणार आहे ना?

नियोजक

हो, आधीच होणार. मी शिकवलेल्यांपैकी दोघं आता बाहेर चांगल्या जागी आहेत. त्यातल्या एकाला आज फोन करतो. पेपरांचा अर्ज या आठवड्यात भरतो.

@राजवर्धन, माल-नियोजनाची एखादी साधी शीट बनवलीत तर मला पाठवा. सुरक्षित साठा कसा धरलाय ते बघून सांगेन. बहुतेकांचं तिथेच चुकतं. ते सरासरी खपावर धरतात, पुरवठादार किती उशीर करतो ते धरतच नाहीत.

राजवर्धन

बनवतो. पुरवठादाराच्या उशिराचा आकडा कुठून आणू? कोर्समध्ये तो दिलेलाच असायचा.

नियोजक

कोर्समध्ये दिलेला असतो, कामावर नसतो. जुन्या ऑर्डरींच्या मागवल्याच्या आणि पोचल्याच्या तारखा एकमेकींसमोर मांडायच्या. तिथून सुरुवात करा.